गिरगावातल्या बारा फुटी खोल्यांचं रंगकाम: कोटेशन कसं काढायचं

"तीनशे पासष्ट कार्पेट आहे, रंगाचे किती होतील?" असा फोन आला की नवीन माणसाची जीभ वळवळते. कुणीतरी त्याला शिकवलेलं असतं की कार्पेट एरियाला साडेतीनने गुणायचं, दराने गुणायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. मीही सुरुवातीला हेच केलं. बोरिवली-कांदिवलीच्या इमारतींत ते बऱ्यापैकी चाललं. मग गिरगावात एका जुन्या इमारतीतलं काम असंच फोनवर घेतलं. काम संपलं तेव्हा कारागिरांची मजुरी देऊन माझ्या हातात काही उरलं नव्हतं, वर प्राइमरचे दोन डबे खिशातून आणले होते.

चूक दरात नव्हती. भिंत किती आहे, ती कोणत्या अवस्थेत आहे आणि ती किती उंच आहे, हे तिन्ही प्रश्न मी एकाच आकड्यात कोंबले होते. ते वेगळे कसे ठेवायचे, ते अशाच एका घरावरून दाखवतो. इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, भिंती जाड. हॉल १५ बाय ११, बेडरूम १२ बाय १०, स्वयंपाकघर १० बाय ८, सगळीकडे उंची १२ फूट. बाथरूम, ऑइल पेंटची दारं आणि ग्रिल या हिशेबात धरलेले नाहीत. त्यांचा दर वेगळा असतो.

आधी टेप, मग तोंड

घरी जाऊन मोजल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. फोनवर फारच आग्रह झाला तर प्रति चौरस फूट दर सांगा, एकूण रक्कम सांगू नका.

खोलीच्या चारही भिंतींची लांबी जोडायची आणि उंचीने गुणायची. हॉलची बेरीज ५२ फूट, म्हणून भिंती ६२४ चौ. फूट. त्यात छत १६५ मिळवलं की ७८९. बेडरूमच्या भिंती ४४ गुणिले १२ म्हणजे ५२८, छत १२०, एकूण ६४८. स्वयंपाकघराच्या भिंती ४३२, पण दोन भिंतींवर सात फुटांपर्यंत टाइल्स आहेत. त्या १८ गुणिले ७ म्हणजे १२६ वजा केल्या, छताचे ८० मिळवले, ३८६ झाले. तिन्ही मिळून १,८२३ चौ. फूट.

आता दारं-खिडक्या. इथे प्रत्येक कंत्राटदाराचा नियम वेगळा, आणि वादही इथेच होतात. सरकारी कामांच्या मोजमापात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौ. फुटांपर्यंतची मोकळी जागा वजा करत नाहीत. त्याहून मोठ्या खिडक्यांचं काय करायचं ते भिंतीची जाडी बघून ठरवा. गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या इमारतींत खिडकीच्या आतल्या कडा चांगल्या फूटभर खोल असतात. चार बाय पाचची खिडकी घ्या. तिची मोकळी जागा २० चौ. फूट. पण चारही बाजूंच्या कडा रंगवायच्या, त्यांची लांबी १८ फूट, खोली एक फूट, म्हणजे १८ चौ. फूट. जेवढं वजा करायचं जवळपास तेवढंच पुन्हा मिळवायचं. म्हणून अशा घरात मी खिडक्या वजाही करत नाही आणि कडा मिळवतही नाही. नवीन टॉवरमध्ये सहा इंची भिंत आणि हॉलभर सरकती काच असेल तिथे हा नियम लावलात तर तुम्ही गिऱ्हाइकाकडून काचेचे पैसे घेताय. तिथे वजा करा.

दारं मात्र पूर्ण वजा करतो, कारण लाकडी चौकट बहुतेक कडा झाकते. एकच दार दोन खोल्यांत उघडत असेल तर दोन्ही खोल्यांतून वजा होतं, हे विसरू नका. या घरात ती वजावट १२६ चौ. फूट झाली. उरले १,६९७.

कार्पेट ३६५ आहे, म्हणजे पट साडेचारच्या वर गेली. याच खोल्या साडेनऊ फुटी असत्या तर क्षेत्र १,३६७ आलं असतं, पावणेचारपट. मोठ्या खोल्यांत ती आणखी कमी होते. साडेतीनचा ठोकताळा खोटा नाही. तो ठेंगण्या आणि ऐसपैस घरांतून आलाय, एवढंच. लहान खोली आणि उंच छत एकत्र आलं की तो दगा देतो. इथे त्याने १,२७७ सांगितले असते. चारशेवर चौरस फूट तुम्ही फुकट रंगवले असते.

मूळ दर स्वतः काढा

शेजारचा किती घेतो ते विचारून दर ठरवू नका. खाली मी घेतलेले आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या दुकानाचा भाव आणि तुमच्या कारागिरांची हजेरी टाकून तुमचे काढा.

मूळ दरात काय येतं ते आधी ठरवायचं. माझ्या मूळ दरात सुटलेला रंग खरवडणं, किरकोळ खड्ड्यांना टच-अप, घासकाम, प्राइमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन हात एवढंच येतं. भिंत बऱ्या अवस्थेत आणि उंची दहा फुटांच्या आत आहे, असं धरून.

इमल्शन ३०० रुपये लिटर धरलं आणि जुन्या भिंतीवर दोन हातांत लिटरमागे ११० चौ. फूट निघाले, तर रंगाचे पावणेतीन रुपये होतात. प्राइमरचे सव्वा-दीड रुपये, पॉलिश पेपर, टेप, प्लास्टिक वगैरेचे पाऊण रुपया. सामानाचे झाले साधारण पाच. एक कारागीर ही सगळी कामं धरून दिवसाला सरासरी १०० चौ. फूट उरकतो, हजेरी १,००० रुपये, म्हणजे मजुरीचे दहा. पंधरा रुपयांवर चतुर्थांश वर ठेवायचा. त्यात तुमचं येणं-जाणं, देखरेख, वाया जाणारं सामान आणि नफा आला. पावणेएकोणीस होतात, मी एकोणीस धरतो.

डब्यावर लिहिलेलं क्षेत्र बघून हिशेब करू नका. ते गुळगुळीत, प्राइमर मारलेल्या भिंतीचं असतं. जुनी भिंत रंग पिते.

उंचीचे पैसे कशाचे

मध्यम उंचीचा माणूस तीन फुटी घोडीवर उभा राहिला की त्याचा हात दहा फुटांपर्यंत नीट पोचतो. म्हणून माझी रेघ दहा फुटांवर. त्याच्या वर घोडी पुरत नाही, परांची लागते, ती सरकवायला दुसरा गडी लागतो, आणि दर चार-पाच फुटांनी उतरून परत चढावं लागतं.

गिऱ्हाईक इथे हमखास विचारतं, "लांब दांडीचा रोलर नाही का?" प्रश्न योग्य आहे, आणि प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. रंगाचा हात दांडीने जमिनीवरून मारता येतो. पण खरवडणं, पुट्टी, घासणं आणि छताच्या कडेची धार काढणं यांना हात लागतो. म्हणून भिंत उत्तम असेल, नुसते दोन हात फिरवायचे असतील, तर बारा फुटांसाठी मी उंचीचे निम्मेच पैसे लावतो. खरवड असेल तर पूर्ण.

पैसे फक्त रेघेच्या वरच्या भागाचे. पूर्ण खोलीला चढा दर लावणारे आहेत, पण ते गिऱ्हाइकाला समजावून सांगता येत नाही. या घरात भिंतींचा वरचा दोन फुटी पट्टा: तिन्ही खोल्यांची बेरीज १३२ फूट, गुणिले २, म्हणजे २६४ चौ. फूट. आणि छत? नवीन माणूस नेमकं हेच विसरतो. छत सगळंच बारा फुटांवर आहे, म्हणून त्याचे सगळे ३६५ धरायचे. एकूण ६२९ चौ. फूट, म्हणजे कामाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग.

वरच्या भागात कारागिराचं काम दिवसाला शंभराऐवजी पासष्ट-सत्तर फुटांवर येतं. मजुरी दहाची पंधरा होते. वाढलेल्या पाचावर तोच चतुर्थांश ठेवून मी चौरस फुटाला सहा रुपये जादा लावतो. परांचीचं भाडं आणि वाहतूक मात्र यात घालत नाही. परांची एका खोलीसाठी आणली काय किंवा तीन खोल्यांसाठी, टेम्पो तोच आणि लाकडी जिन्यावरून वर चढवायची मेहनत तीच. क्षेत्राशी तिचा संबंध नाही, म्हणून ती एकरकमी, वेगळ्या ओळीत.

हा सगळा हिशेब घरातल्या उंचीचा. इमारतीच्या बाहेरून झुला सोडून करायचं काम वेगळं. तिथे सेफ्टी बेल्ट, विमा, सोसायटीची परवानगी असे प्रश्न येतात. सहा रुपयांचा हा आकडा तिथे नेऊ नका.

भिंतीची तपासणी

यासाठी तासभर काढा. लागणाऱ्या वस्तू खिशात मावतात: नाणं, पट्टी, चिकटपट्टी, ओला फडका, पेन्सिल.

पहिला ओला फडका. भिंतीवर जोर देऊन घासा. फडक्याला पांढरी भुकटी किंवा रंग लागला तर खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे, आणि तो सुटा झालाय. मग चिकटपट्टी घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. तिच्यासोबत पापुद्रा आला की त्या भागाची पूर्ण खरवड लागणार. यात चालढकल केली तर रंग त्या दिवशी छान दिसतो. पण तुम्ही मारलेला प्राइमर आणि इमल्शन त्या भुकटीला चिकटलेलं असतं, भिंतीला नाही. वाळताना रंग ताणला जातो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पापडासारखे पोपडे गळायला लागतात. जुन्या घरांत वर्षानुवर्षं एकावर एक थर चढलेले असतात, त्यामुळे हा प्रकार छतावर सर्रास सापडतो. पूर्ण खरवडीचे मी चौरस फुटाला पाच रुपये जादा लावतो.

दुसरं नाणं. भिंतीवर हातभर अंतराने टकटक करत जा. भरीव आवाज आला तर ठीक. डबडब आवाज आला तर प्लास्टर विटेपासून सुटलंय. त्याच्यावर पुट्टी लावणं म्हणजे सुटणाऱ्या प्लास्टरवर आणखी वजन टाकणं. ते फोडून नव्याने करायला लागतं. या कामाचा दर मी ९० रुपये चौ. फूट धरतो, त्यात डेब्रिज गोणीत भरून खाली नेणं आलं. नव्या प्लास्टरला आठवडाभर पाणी मारायचं आणि मग ते पुरेसं वाळू द्यायचं. रंग कंपन्या ताज्या प्लास्टरसाठी चार आठवडे सांगतात. गिऱ्हाइकाला तारीख देताना हे आधी सांगा, नाहीतर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तुमच्याकडे ओलं ठिगळ आणि रागावलेलं घर उरेल.

भेगा मी लांबीने मोजतो. भेग पट्टीने उकरून रुंद करायची, भरायची, घासायची, यासाठी धावत्या फुटाला पंधरा रुपये. पण तिरकी, रुंद, दाराच्या कोपऱ्यापासून वर चढत गेलेली भेग असेल, तर दुखणं बांधकामातच असू शकतं, आणि स्लॅबला सरळ रेषेत गंजाचे डाग आणि फुगवटा असेल, तर सळी गंजून काँक्रीट सुटतंय. यातलं काहीच रंगाऱ्याचं काम नाही. मालकाला तसं लेखी कळवा आणि ती जागा कोटेशनमधून वगळा.

आणि ओल. भिंतीला लोणा धरलेला दिसत असेल तर प्रश्नच नाही. शंका असेल तर दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर लावून ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, भिंतीकडे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला दिसले तर ती खोलीतल्या हवेतली. भिंतीतून येत असेल तर गळती कुठून आहे ते सापडेपर्यंत त्या भिंतीचा दर देऊच नका. "वॉटरप्रूफ प्राइमर मारा की" असं सांगणारं कुणीतरी घरात असतंच. आतून मारलेल्या कुठल्याही डब्याने वरच्या मजल्याचा फुटका पाइप बंद होत नाही.

उरली पुट्टी, आमच्याकडे जुने कारागीर अजून लांबी म्हणतात. मूळ दरात टच-अप आहे, पूर्ण भिंतीची पुट्टी नाही. भिंतीला बाजूने बल्ब धरून बघा. लाटा दिसल्या आणि गिऱ्हाइकाला सपाट भिंत हवी असेल, तर दोन हातांची पुट्टी वेगळी लावा. कंपनीचं पत्रक किलोला बारा-पंधरा चौ. फूट सांगतं, खडबडीत जुन्या भिंतीवर मला आठच्या वर क्वचित मिळालेत. सामान आणि मजुरी धरून माझा दर १२ रुपये पडतो.

कोटेशन कसं दिसलं

त्या घरात तपासणीत छत सगळं भुकटी झालेलं निघालं. हॉलच्या दोन भिंतींना पूर्ण पुट्टी हवी होती. चाळीसेक फूट भेगा होत्या. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या, पाऊस खाणाऱ्या भिंतीवर अंदाजे २२ चौ. फूट पोकळ प्लास्टर होतं. ती भिंत प्लास्टिक लावून कोरडी असल्याचं बघितलं, मगच हिशेबात घेतली. कागदावर असं लिहिलं:

मूळ रंगकाम, १,६९७ चौ. फूट × १९ = ३२,२४३
दहा फुटांवरचा भाग, ६२९ चौ. फूट × ६ = ३,७७४
परांची भाडं व वाहतूक, एकरकमी = २,५००
छताची पूर्ण खरवड, ३६५ चौ. फूट × ५ = १,८२५
हॉलच्या दोन भिंतींना पुट्टी, ३०० चौ. फूट × १२ = ३,६००
भेगा, ४० धावते फूट × १५ = ६००
पोकळ प्लास्टर, अंदाजे २२ चौ. फूट × ९० = १,९८०
एकूण ४६,५२२ रुपये

कार्पेटच्या ठोकताळ्याने हेच काम चोवीस हजारांच्या आसपास सांगितलं गेलं असतं.

पहिल्या तीन ओळी पक्क्या. क्षेत्र आणि उंची मोजलेली आहे, ती बदलणार नाही. खालच्या चार ओळींत दर पक्का, पण माप अंदाजाचं. खरवडल्याशिवाय आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. म्हणून त्या ओळींच्या वर एक वाक्य लिहितो: "दुरुस्तीचं माप खरवड झाल्यावर मालकांसमोर घेतलं जाईल, बिल प्रत्यक्ष मापाचं होईल, दर बदलणार नाही." माप कमी भरलं तर बिलही कमी होणार, हेही त्याच वाक्यात येतं आणि गिऱ्हाइकाचा विश्वास त्यानेच बसतो.

घरातल्या काकूंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "अहो, दुसऱ्यांनी अठ्ठावीस हजार सांगितलेत."

"काकू, त्यांनी छत खरवडणार का ते लिहून दिलंय?"

"नाही. सगळं येतं म्हणाले."

"मग त्यांनाही हाच कागद दाखवा. यातलं काय काय करणार ते लिहून घ्या आणि मग तुलना करा."

हे मी चिडून म्हणत नाही. खरंच दाखवू द्यावं. ओळींनी लिहिलेल्या कोटेशनशी एकरकमी आकड्याची तुलना झाली की समोरच्यालाही ओळी लिहाव्या लागतात. कधी कधी काम त्याच्याकडे जातं. जाऊ दे. छत न खरवडता अठ्ठावीसमध्ये करायचं काम आपल्याला नकोच होतं.

खरवडीनंतरचा दिवस

काकूंचं काम मिळालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरवड संपली, तेव्हा मी कारागिरांना थांबवलं आणि पेन्सिल घेतली. बेडरूमच्या भिंतीवर टकटक करत पोकळ भागाभोवती रेघ मारत गेलो, काकू शेजारी उभ्या. एका जागी त्यांनी स्वतः नाणं वाजवून बघितलं. प्रत्येक तुकड्याभोवती चौकट आखून लांबी-रुंदी भिंतीवरच लिहिली. बेरीज ३८ चौ. फूट भरली, अंदाजापेक्षा १६ जास्त. १६ गुणिले ९०, म्हणजे १,४४० रुपये वाढले. दुसरीकडे भेगा आणि पुट्टी अंदाजाइतकीच निघाली. भिंतीचा फोटो काढला, वहीत माप लिहून काकूंची सही घेतली, आणि मगच छिन्नी लावली.

हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी फोडलंत आणि मग माप सांगितलंत, तर ते प्लास्टर पोकळ होतं याचा पुरावा गोणीत जाऊन बसलेला असतो.

फोडाफोडीचे दिवस ठरवण्याआधी सोसायटीचे नियम विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी दुपारी आवाज चालत नाही, आणि चार तासांचा दिवस मिळाला तरी हजेरी पूर्ण द्यावी लागते. असा नियम असेल तर प्लास्टरचा दर नव्वदवर थांबत नाही, पुन्हा मांडा. जून ते सप्टेंबर वाळायला वेळ लागतो, दिवस त्या हिशेबाने द्या. कोटेशनवर मुदत घाला, मी पंधरा दिवस लिहितो, कारण डब्यांचे भाव मध्येच बदलतात.

शेवटचं बिल ४७,९६२ रुपये झालं. काकूंनी कागद काढून प्लास्टरच्या ओळीवर बोट ठेवलं, भिंतीवर बघितलेला आकडा जुळवला आणि पैसे मोजून दिले.